निळा दिवा आणि नुसतं प्रश्नचिन्ह

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला वडणग्याच्या काकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. उसाच्या मोटरीच्या स्टार्टर पेटीचा फोटो आणि त्याखाली एकच खूण: ? बाकी एक अक्षर नाही. दहा मिनिटं आधी त्यांनी "मोटर उचलंना" असं लिहिलं होतं आणि मी "लाईट आहे का बघा" असं सांगून मोकळा झालो होतो.

फोटोवर ओझरती नजर टाकून मी लिहिलं, "हिरवं बटण दाबा." दोन मिनिटांत तोच फोटो पुन्हा आला. या वेळी प्रश्नचिन्हं दोन.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बोलताना काही अडलं की आपण ते दुरुस्त करून घेतो. श्केग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स यांनी 1977 मध्ये या दुरुस्तीची रचना मांडली. समजा, मी म्हटलं, "रंकाळ्यावर पाटलांना भेटलो." तुम्हाला नाव ऐकू आलं नसेल तर विचाराल, "कुणाला?" नाव कळलं पण खात्री नसेल तर, "पाटील म्हणजे गंगावेशीतले?" आणि काहीच कळलं नसेल तर नुसतं "आं?" गंमत म्हणजे हा "आं?" जगभर जवळपास सारखाच आहे. डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा तपासून हे दाखवलं. 2015 मध्ये त्यांना इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

त्याच मंडळींना बारा भाषांत एक नियम दिसला. माणूस त्याला जमेल तितका नेमका प्रश्न विचारतो. "गंगावेशीतले?" विचारणं शक्य असताना तो सहसा "आं?" म्हणत नाही, कारण "आं?" म्हटलं की सगळं काम समोरच्यावर पडतं. तेव्हा नुसतं "?" आलं तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर माणसाला नेमकं विचारताच येत नाहीये, म्हणजे तो गोंधळलाय. नाहीतर नेमकं विचारण्याची त्याची तयारी संपलीये, म्हणजे तो वैतागलाय. चिन्ह एकच असल्यामुळे फरक शोधायचा तो आजूबाजूला.

काकांचं पहिलं प्रश्नचिन्ह माझ्या "लाईट आहे का" या प्रश्नानंतर आलं होतं. म्हणजे तो फोटो हेच उत्तर होतं: ही बघ, लाईट हाय की, मग? तिथवर गोंधळ. पण माझ्या सल्ल्यानंतर तोच फोटो परत येतो, तेव्हा त्याचा अर्थ "तू फोटो बघितलाच नाहीस" असा असतो. त्यांच्याकडे नवीन सांगण्यासारखं काही नव्हतं. जुनंच मी वाचलं नव्हतं. चिन्हं एकाची दोन झाली, यापेक्षा फोटो तोच आला हा पुरावा मला मोठा वाटतो. काही जण सवयीनंच चार चिन्हं टाकतात.

इथं "संवादाचा 93 टक्के भाग देहबोली असतो" हे वाक्य कुणीतरी फेकणारच. हा आकडा आला तो मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांच्या प्रयोगांतून, पण 1960 च्या दशकातले ते प्रयोग सुटे शब्द आणि त्यामागची आवडनिवड यापुरते होते. सगळ्या संवादाला ते लावणं म्हणजे पत्रिकेतल्या मंगळावर मोटर बंद पडल्याचं खापर फोडणं. मजकुरातून भाव चुकीचा वाचला जातो हे मात्र खरं. क्रूगर आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या प्रयोगात ईमेल टोमणा आहे की गंभीर, हे वाचणाऱ्यांना 56 टक्के वेळाच ओळखता आलं. नाणं उडवलं तरी 50 येतात.

म्हणून "चिडलात का?" असं विचारू नये. अंदाज चुकला तर माणूस तेवढ्यानंच चिडतो, आणि बरोबर ठरला तरी मोटर चालू होत नाही. उत्तर असं हवं की दोन्ही अर्थांना ते चालेल. फोटोत काय दिसलं ते सांगायचं, म्हणजे बघितल्याचं कळतं. मग एकच अंदाज आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. जो नेमकेपणा काकांना जमला नव्हता, तो आपण पुरवायचा.

मी फोटो मोठा करून पाहिला. पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन फेजचे तीन दिवे असतात. निळा बंद होता. दोन दिवे पेटलेले बघून काकांनी लाईट आहे असं धरलं, पण एक फेज गेली की सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटर सुरू होऊ देत नाही. तो नसता तर मोटर नुसती गुणगुणली असती आणि वाइंडिंग जळालं असतं. अर्थात निळा दिवाच उडालेला असू शकतो, फोटोवरून ते कळत नाही.

लिहिलं, "काका, मघाशी नीट बघितलं नव्हतं. निळा दिवा बंद दिसतोय, एक फेज गेली असावी. पेटी उघडू नका, बटणही दाबू नका. शेजारच्यांची मोटर चालू आहे का?"

पाच मिनिटांनी उत्तर आलं.

"त्येंचीबी बंद हाय. झोप आता."

या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं.