मोनोसाइट व मॅक्रोफेज

मोनोसाइट व मॅक्रोफेज : अस्थिमज्जेत तयार होऊन रक्तात येणाऱ्या, एकच मोठे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशींना मोनोसाइट म्हणतात. ऊतकांत राहून जंतू, मृत पेशी व इतर कचरा गिळणाऱ्या पेशी त्या मॅक्रोफेज किंवा महाभक्षक पेशी. निरोगी प्रौढाच्या रक्तात मोनोसाइटांचे प्रमाण पांढऱ्या पेशींच्या साधारणपणे २ ते १० टक्के असते. रंगवलेल्या काचपट्टीवर केंद्रकाचा मूत्रपिंडासारखा खोलगट आकार आणि धुरकट, राखाडी-निळसर पेशीद्रव यांवरून त्या ओळखतात. लिंफोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मोठ्या असल्या, तर त्यांच्याशी मोनोसाइटांची गल्लत होणे मात्र नवे नाही. रक्तातील मुक्काम थोडा असतो : बहुतेक मोनोसाइट सुमारे एका दिवसात रक्त सोडतात. थोड्या पेशी काही दिवस रक्तवाहिन्यांच्या आतल्या पृष्ठभागावरून फिरत राहतात.

उगम : या पेशी भक्षण करतात हे ईल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ च्या सुमारास इटलीतील मेसिना येथे पाहिले. समुद्रतारकेच्या पारदर्शक डिंभात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या त्यांना आढळल्या. या कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासह मिळाले. ऊतकांतील भक्षक पेशी कोठून येतात, हा प्रश्न मात्र पुढे शतकभर वादाचा राहिला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लुडविग आशॉफ यांच्या मताचा जोर होता. यकृत, प्लीहा व लसीका ग्रंथींतील ज्या पेशी टोचलेले रंगकण उचलतात, त्यांचे त्यांनी ‘रेटिक्युलो-एंडोथीलियल संस्था’ नावाचे एक कुटुंब मानले. या पेशी जागच्या जागी, जाळीदार ऊतकातून व वाहिन्यांच्या अस्तरातून निपजतात असा त्याचा रोख होता. याला छेद देणारे निरीक्षण १९३९ मध्ये एबर्ट व फ्लोरी यांनी प्रसिद्ध केले. सशाच्या कानात पारदर्शक कप्पा बसवून त्यांनी जिवंत ऊतकातील मोनोसाइट रक्तवाहिनीबाहेर पडताना आणि बाहेर मॅक्रोफेज होताना पाहिले. १९६० च्या दशकात केंद्रकाला किरणोत्सर्गी खूण करण्याची पद्धत आली. ती वापरून फॅन फुर्थ व कोन यांनी उंदरांत दाखवले, की खूण प्रथम अस्थिमज्जेतील पूर्वज पेशींत, मग रक्तातील मोनोसाइटांत आणि शेवटी उदरपोकळीतील मॅक्रोफेजांत उतरते. त्यावरून ‘एककेंद्रकी भक्षक संस्था’ ही कल्पना रूढ झाली आणि ऊतकांतील सर्व मॅक्रोफेज मोनोसाइटांपासूनच होतात असे पाठ्यपुस्तके सांगू लागली. अस्थिमज्जा बदललेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत काही महिन्यांनी दात्याच्याच वंशाचे मॅक्रोफेज सापडले, तेव्हा या मताला माणसातलाही आधार मिळाल्यासारखे वाटले.

या पुराव्यातला कच्चा दुवा उशिरा लक्षात आला. प्रत्यारोपणापूर्वी दिलेल्या किरणांनी व औषधांनी ऊतकांतील मूळ रहिवासी पेशी मारल्या जातात. रिकाम्या जागी रक्तातून भरती होणारच. किरणोत्सर्ग न करता, भ्रूणावस्थेतच पेशींना जनुकीय खूण करून उंदीर वाढवले, तेव्हा निराळे चित्र दिसले. मेंदूतील मायक्रोग्लिया या पेशी भ्रूणाच्या पीतक कोशातून, म्हणजे रक्ताभिसरण नुकतेच सुरू होत असतानाच्या पूर्वजांपासून येतात, असे २०१० मध्ये झँहू व सहकाऱ्यांनी दाखवले. यकृतातील कुप्फर पेशी व फुप्फुसाच्या वायुकोशांतील मॅक्रोफेजही बव्हंशी जन्मापूर्वीच आपल्या जागी बसतात आणि पुढे तेथेच विभागून आपली संख्या टिकवतात. आतड्याच्या भित्तीत मात्र मोनोसाइटांची भरती आयुष्यभर चालू राहते.

हा पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आहे. माणसाबाबत अप्रत्यक्ष आधार मिळतो तो ‘गाटा-२’ जनुकाच्या दोषाने रक्तातील मोनोसाइट जवळजवळ नाहीसे झालेल्या रुग्णांकडून. त्यांच्या त्वचेत व इतर ऊतकांत मॅक्रोफेज तरीही सापडतात. दोन्ही उगम खरे असून अवयव, वय आणि दाहाचा इतिहास यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. जखम वा जंतुसंसर्ग झाल्यावर जमणारे मॅक्रोफेज मोठ्या प्रमाणात मोनोसाइटांपासून होतात, याबद्दल फारसा वाद नाही.

रक्तातून बाहेर पडणे : हे काम केशवाहिन्यांत नव्हे, तर त्यांच्या लगेच पुढच्या बारीक नीलांमध्ये होते; तेथे प्रवाह मंद असतो. दुखावलेल्या जागेतील रहिवासी मॅक्रोफेज व आसपासच्या पेशी ‘सीसीएल-२’ हे संदेशद्रव्य सोडतात आणि नीलेच्या अस्तरावर चिकट रेणू उमटतात. मोनोसाइट आधी सिलेक्टिन रेणूंना सैल धरत अस्तरावरून गडगडत जातो. संदेशद्रव्याचा स्पर्श झाला की त्याच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन रेणू घट्ट पकडीच्या आकारात उलगडतात आणि पेशी थांबते. मग ती सरपटत अस्तराच्या दोन पेशींमधील सांध्यापाशी येते. तेथे ‘पीकॅम-१’ नावाचा एकच रेणू मोनोसाइटावर व अस्तरपेशीवरही असतो आणि तो दोन्हीकडून एकमेकांत गुंततो. प्रतिपिंडाने हा रेणू झाकला, तर प्रयोगात मोनोसाइट सांध्यावर नेमके येऊन बसतात, पण आत शिरत नाहीत. सांधा ओलांडल्यावर आधारपटल भेदून पेशी ऊतकात पोचते, आकाराने वाढते आणि तिच्यातील पाचक विकरांचा साठाही वाढतो. ताज्या जखमेत पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या दुसऱ्या भक्षक पांढऱ्या पेशी अधिक दिसतात. मोनोसाइटांचे आधिक्य दिसते ते साधारणपणे एक-दोन दिवसांनी.

कचऱ्याचा निचरा : मार लागून त्वचेखाली साकळलेले रक्त हे या कामाचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण आहे. बाहेर सांडलेल्या तांबड्या पेशी मॅक्रोफेज अख्ख्या गिळतो. हीमोग्लोबिनातील हीम हा भाग ‘हीम ऑक्सिजनेज’ विकराने फोडला, की लोह सुटते आणि बिलिव्हर्डिन हा हिरवा पदार्थ उरतो. त्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते. काळानिळा वळ हिरवट आणि मग पिवळा पडतो तो यामुळे. उरलेले लोह हीमोसिडेरिनाच्या तपकिरी कणांच्या रूपात मॅक्रोफेजात साठते. प्रशियन ब्ल्यू रंजनाने हे कण निळे दिसतात आणि तेथे पूर्वी रक्तस्राव झाला होता हे विकृतितज्ज्ञाला कळते. रंगावरून वळाचे वय सांगण्याचा मोह न्यायवैद्यकात जुना आहे. पहिल्या १८ तासांत पिवळी छटा सहसा दिसत नाही, यापलीकडे ठाम विधान करू नये. माणसागणिक आणि वळाच्या खोलीगणिक फरक पडतो.

हेच काम प्लीहेत व यकृतात अखंड चालते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि शरीरात दर सेकंदाला अंदाजे २० लाख जुन्या पेशी काढून टाकाव्या लागतात. त्यांतून रोज २० मिलिग्रॅमच्या आसपास लोह परत मिळते, तर अन्नातून शोषले जाणारे लोह अवघे १ ते २ मिलिग्रॅम असते. मरणाऱ्या पेशीची ओळख तिच्या पटलावरून पटते. एरवी पटलाच्या आतल्या बाजूला असलेले फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येते आणि मॅक्रोफेज त्याला धरतो. जिवंत पेशीवरील ‘सीडी-४७’ हा रेणू उलट त्याला परतवतो. नियमाने मेलेली स्वतःची पेशी गिळल्यावर मॅक्रोफेज दाह शमवणारी द्रव्ये सोडतो. जंतू गिळल्यावर जंतूच्या भित्तीचे घटक मॅक्रोफेजाच्या ग्राहींना लागतात आणि तो दाह वाढवतो.

तुकडे दाखवणे : गिळलेला जंतू ज्या कोष्ठात बंद होतो, त्याला लायसोसोम, म्हणजे पाचक विकरांच्या पिशव्या, येऊन मिळतात. आतील द्रव आम्ल होतो आणि प्रथिनांचे तुकडे पडतात. साधारण १३ ते २५ ॲमिनो आम्लांचे तुकडे एमएचसी वर्ग-२ रेणूच्या खाचेत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि तेथे ‘सीडी-४’ प्रकारच्या टी लिंफोसाइट ते तपासतात. खाचेत स्वतःच्या प्रथिनांचे तुकडेही बसतात. नुसता तुकडा पुरेसा नाही हे त्यामुळे महत्त्वाचे ठरते : जंतूच्या स्पर्शाने मॅक्रोफेजावर ‘सीडी-८०’ व ‘सीडी-८६’ हे जोडरेणू वाढलेले असले, तरच लिंफोसाइट नीट उद्दीपित होते.

पूर्वी कधीच त्या जंतूला न भेटलेल्या लिंफोसाइटला पहिला धडा कोण देते, यावर मतभेद होते. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये वर्णन केलेल्या डेंड्रायटिक पेशी हे काम लसीका ग्रंथीत जाऊन अधिक चांगले करतात, हे आता बहुमान्य आहे. मॅक्रोफेज सहसा जागा सोडत नाही. तो ऊतकात येणाऱ्या, आधीच शिकलेल्या लिंफोसाइटना तुकडे दाखवतो. बदल्यात लिंफोसाइट इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशद्रव्य सोडते आणि मॅक्रोफेजाची जंतू मारण्याची ताकद वाढते. देवघेव दोन्ही बाजूंनी आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील चाचणीचा अर्थ लागतो.

क्षयाच्या संसर्गासाठीच्या मॅन्टू चाचणीत अग्रबाहूच्या आतील बाजूस त्वचेच्या थरातच ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन टोचतात. हे क्षयजंतूच्या प्रथिनांचे मिश्रण असते, जिवंत जंतू त्यात नसतात. त्वचेतील रहिवासी पेशी ही प्रथिने गिळून तुकडे दाखवतात. पूर्वी क्षयाचा संसर्ग झालेला असेल, तर फिरत्या स्मृतिलिंफोसाइटपैकी काही तेथे येऊन ते ओळखतात आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्यावर नीलांचे अस्तर चिकट होते, मोनोसाइट मोठ्या संख्येने बाहेर पडतात आणि जागा टणक होते. इतके सारे घडायला वेळ लागतो, म्हणून वाचन ४८ ते ७२ तासांनी करतात. मोजायचा तो बोटाला लागणारा कठीण उंचवटा, भोवतीची लाली नव्हे. भारतात सामान्यतः १० मिलिमीटर वा अधिक उंचवटा संसर्गदर्शक धरतात. संसर्ग अगदी नवा असला, एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी घटल्या असल्या किंवा कुपोषण तीव्र असले, तर संसर्ग असूनही उंचवटा येईलच असे नाही. बीसीजी लसीमुळे तो संसर्ग नसताना येऊ शकतो. आजार चालू आहे की जंतू नुसते दबून आहेत, हे चाचणी सांगत नाही.

क्षयजंतू मॅक्रोफेजातच राहतो. लायसोसोम आपल्या कोष्ठाला मिळू नयेत अशी व्यवस्था तो करतो आणि गिळणारी पेशीच त्याचा आसरा होते. इंटरफेरॉन-गॅमाने चेतवलेले मॅक्रोफेज त्याच्याभोवती दाटीने जमून गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, बांधतात. तिच्यात काही मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून घोड्याच्या नालेप्रमाणे मांडलेल्या अनेक केंद्रकांच्या लांगहान्स पेशी होतात. ही गाठ टिकण्यासाठी ‘टीएनएफ’ हे द्रव्य लागते. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधे वापरात आल्यावर काही रुग्णांत दबलेला क्षय उफाळला, आणि बऱ्याचदा तो फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. त्यामुळे अशी औषधे सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा रक्तावरील इंटरफेरॉन-गॅमा चाचणी करतात. संसर्ग आढळल्यास क्षयप्रतिबंधक उपचार आधी सुरू करतात.