चकवणारा पर्याय आणि फसवणारा पर्याय

सदाशिव पेठेत शिकवणी घेताना पुरंदरच्या तहाच्या पाठावर मी एक प्रश्न काढला होता: ‘पुरंदरचा तह कोणाशी झाला?’ पर्याय चार होते. मिर्झाराजे जयसिंग, दिलेरखान, शायिस्ताखान, औरंगजेब. पेपर तपासताना दिसलं, की एरवी पैकीच्या पैकी घेणाऱ्या मुलीनं औरंगजेब लिहिलंय. विचारलं तर म्हणाली, “सर, जयसिंग सेनापती होता. तह मुघल बादशाहीशीच झाला ना?” मला उत्तर देता येईना. मुकाट्यानं गुण दिला.

शायिस्ताखान हा चकवणारा पर्याय. तोही मुघलांनीच महाराजांवर धाडलेला सरदार, आणि लाल महाल तर पुण्यातल्या पोरांच्या रोजच्या वाटेवरचा. पण १६६३ च्या छाप्यानंतर तो इथून गेला आणि तह झाला १६६५ मध्ये. म्हणजे हा पर्याय निवडणाऱ्याचा घटनाक्रम कच्चा आहे, एवढं नक्की कळतं. दिलेरखानही चालेल, कारण पुरंदरला वेढा त्याचा होता. वेढा आणि वाटाघाटी यांची गल्लत झालेला तिथे अडकतो. औरंगजेब मात्र फसवणारा, कारण धडा नीट समजलेलाच त्याच्याकडे ओढला जातो. तो मी पर्यायांतून काढला आणि प्रश्न बदलला: ‘पुरंदरच्या तहाची बोलणी मुघलांच्या बाजूनं कोणी केली?’ चौथा पर्याय अफजलखान. मुघल आणि आदिलशाही यांत घोळ घालणारे त्यात सापडतात.

आकड्यांत हाच फरक आणखी लख्ख दिसतो. तहात किती किल्ले दिले? २२, २३, २४, २५ असे पर्याय ठेवले, तर २४ लिहिणाऱ्याचं नेमकं काय चुकलं? काहीच सांगता येत नाही. त्याऐवजी २३, १२, ३५ आणि ४ ठेवा. १२ किल्ले महाराजांकडे राहिले, ३५ ही दोन्हींची बेरीज, ४ हा दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नाचा लाखांतला आकडा. तिन्ही चुकीची उत्तरं धड्यातूनच आलीत आणि प्रत्येकामागे वेगळी गल्लत आहे.

मराठीत एक घोटाळा खास आपला. ‘१६६४ मध्ये महाराजांनी कोणती बाजारपेठ लुटली?’ हे ठीक. पण ‘महाराजांनी ____ लुटली’ अशी रिकामी जागा ठेवून सुरत, बुऱ्हाणपूर, औरंगाबाद, अहमदनगर दिले, तर क्रियापदच उत्तर सांगतं. स्त्रीलिंगी एकटी सुरत.

पेपर झाल्यावर मी गुणांप्रमाणे वरचे दहा आणि खालचे दहा पेपर वेगळे काढतो आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कोणी निवडला ते मोजतो. खालच्यांत जास्त असेल तर तो चकवणारा. वरच्यांत जास्त असेल तर आधी उत्तरसूचीच तपासतो, मग प्रश्नाची भाषा. आणि कोणीच निवडला नसेल तर तो पर्याय निव्वळ जागा अडवून बसलाय. वीस पेपरांत एखाद्या मुलाचा फरक मी धरत नाही, तेवढा योगायोगानंही पडतो.