आधी चालणारं मशीन बिघडवा

चोर बाजारात शुक्रवारी सकाळी गेलात, तर मटण स्ट्रीटवर कुणाच्या तरी चादरीवर जुन्या एचएमटींचा ढीग दिसतो. कुणाची काच नाही, कुणाचे काटे नाहीत. घड्याळदुरुस्ती शिकायला निघालेला माणूस बहुतेक वेळा यातलं सगळ्यात स्वस्त, बंद पडलेलं घड्याळ उचलतो. मीही तेच केलं. त्यावर आमचे काका, ज्यांच्या गिरगावातल्या टेबलाशी मी बसायचो, म्हणाले, "मेलेलं मशीन घेऊन काय कळणार? चालतं एक आण, आणि त्याच जातीचं मेलेलं दुसरं."

यामागचा हिशोब सोपा आहे. चालतं घड्याळ उघडून जोडल्यावर ते चाललं नाही, तर चूक नक्की तुमची. मेलेल्या घड्याळात दोष आधीचा की तुमचा, हे नवशिक्याला कधीच कळत नाही. मेलेलं मशीन सुट्या भागांसाठी ठेवायचं, पण दोन्ही अगदी एकाच नमुन्याची हवीत.

हत्यारं फार लागत नाहीत. डोळ्याला लावायचं भिंग, एक ते दीड मिलिमीटरच्या आसपासचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, बारीक टोकाचे दोन चिमटे, मशीन धरायचा होल्डर, हवा मारायचा रबरी फुगा आणि टोकदार केलेली मऊ लाकडी काडी. स्क्रूड्रायव्हर स्वस्त चालतो, फक्त त्याची धार तेलाच्या दगडावर घासून खाचेत नेमकी बसवावी लागते. पैसे वाचवू नयेत ते चिमट्यात. टोकं नीट जुळत नसतील तर भाग निसटतो आणि थेट कपाटाखाली जातो. पंखा बंद ठेवायचा, मुंबईच्या मे महिन्यातसुद्धा.

उघडताना पहिलं काम म्हणजे मेनस्प्रिंगमधली ताकद उतरवणं. किल्ली बोटांत घट्ट धरायची, क्लिक, म्हणजे किल्ली उलटी फिरू न देणारा खटका, काडीने बाजूला करायचा आणि किल्ली सावकाश उलटी फिरू द्यायची. हे विसरून चाकांना अडवून धरणारं पॅलेट काढलं, तर अडवणारं कुणी उरत नाही आणि सगळी चाकं भन्नाट सुटतात. त्यात पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, तुटू शकतात.

खरी कसोटी लागते ब्रिज, म्हणजे चाकांची वरची टोकं धरून ठेवणारी पट्टी, परत बसवताना. तीन-चार चाकांचे पिव्हट एकाच वेळी आपापल्या खड्यांच्या भोकांत गेले पाहिजेत, आणि यातले काही पिव्हट केसाहून फारसे जाड नसतात. मी माझ्या दुसऱ्याच प्रयत्नात ब्रिज बसला असं समजून स्क्रू आवळला. अगदी हलकी 'टिक' ऐकू आली. भिंगातून पाहिलं, तर तिसऱ्या चाकाचा पिव्हट मोडला होता.

बरोबर पद्धत अशी: ब्रिज वर ठेवायचा, दाबायचा नाही. काडीने त्यावर जेमतेम वजन द्यायचं आणि चिमट्याने एकेक चाक किंचित हलवायचं. पिव्हट सापडला की ब्रिज आपोआप जरासा खाली बसतो. स्क्रू थोडा फिरवायचा, चाकं हलतायत का पाहायचं, मग पुन्हा थोडा. प्रत्येक चाक वर-खाली किंचित हललं पाहिजे. चाक अडलं, तर स्क्रू आवळणं तिथेच थांबवायचं.

पॅलेट बसवण्याआधी किल्लीचा एखादाच फेरा द्यायचा. चाकं सुरळीत फिरून थांबायला हवीत, आणि थांबताना शेवटचं एस्केप चाक किंचित मागे वळायला हवं. तसं झालं नाही, तर कुठेतरी घर्षण आहे. इतकी काटेकोर परीक्षा का? अशा घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात. एस्केप चाकाला १५ दात, दर दाताला दोन ठोके, म्हणजे ते मिनिटाला दहा फेऱ्या घेतं. स्प्रिंगचा डबा मात्र एका फेरीला काही तास घेतो. वेग हजारो पटींनी वाढतो, म्हणून फिरवणारं बळ तितकंच कमी होत जातं. शेवटच्या चाकापाशी ते एवढं उरतं, की दातांत अडकलेला कापसाचा एक तंतूही घड्याळ बंद पाडू शकतो.

मोडलेलं चाक मेलेल्या मशीनमधून काढलं आणि घड्याळ चालू झालं. पण मोबाइलवरच्या टायमिंग अॅपवर ठेवलं, तर बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाचा, झोका १९०° दाखवत होता. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळात तो २७०° च्या पुढे असतो. जुनं तेल वाळून चिकट झालं होतं. पण तेल द्यायला काकांनी मनाई केली. "आधी हेच दहा वेळा उघड आणि जोड. प्रत्येक वेळी झोका वहीत लिही. आकडा पडला, तर काय बिघडवलंस ते शोध."

चौथ्या वेळी आकडा १५० वर आला. बॅलन्सच्या खड्यावर माझ्याच बोटाचा ठसा होता.