दोन कार्यालयांतील नॅस संथ लाइनवरून जुळते ठेवताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुख्य कार्यालयातील नॅसवरचा, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवण-यंत्रावरचा, सगळा डेटा दुसऱ्या गावातील कार्यालयातही तसाच्या तसा असावा, ही मागणी आमच्याकडे वारंवार येते. दोन्हीकडे फायबरची वेगवान जोडणी असेल तर हे काम फारसे अवघड नाही. परंतु लाइन संथ असेल, तर वेळापत्रक ठरवण्यापूर्वीच काही हिशेब करावे लागतात. हे हिशेब ग्राहकाला स्वतःला कळलेले असले की पुढे कोणती सवय महागात पडेल हेही त्याच्या लक्षात येते, म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

आमच्या एका ग्राहकाचे सांगलीत मुख्य कार्यालय आणि चिपळूणला शाखा आहे. त्यांचे काम सर्वेक्षण व बांधकाम आराखड्यांचे असून सांगलीच्या नॅसवर नकाशे, साइटवरचे फोटो आणि हिशेब मिळून १६०० जीबी डेटा होता. जोडणी घेताना त्यांनी पाहिलेला वेग डाउनलोडचा होता. सांगलीहून चिपळूणला डेटा पाठवताना मात्र उपयोगी पडतो तो सांगलीच्या लाइनचा अपलोडचा वेग, आणि दोन कार्यालयांना इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडणाऱ्या व्हीपीएनमधून सलग तासभर मोजल्यावर तो ८ एमबीपीएस भरला. आठ बिट्सचा एक बाइट होतो, म्हणून ही लाइन सेकंदाला १ एमबी, म्हणजे तासाला ३.६ जीबी वाहून नेते. दिवसा कार्यालयाला हीच लाइन लागते. रात्री ९ ते सकाळी ७ हे दहा तास धरले तर एका रात्रीत जास्तीत जास्त ३६ जीबी जातील आणि संपूर्ण डेटा पोहोचायला सुमारे ४५ रात्री लागतील, त्याही एकदाही वीज न जाता आणि लाइन न तुटता.

म्हणून पहिली प्रत आम्ही लाइनवरून पाठवतच नाही. चिपळूणसाठी घेतलेला नॅस आधी सांगलीच्या कार्यालयात आणला, जुन्या नॅसच्याच गिगाबिट स्विचला जोडला आणि तेथे सगळी प्रत करून घेतली. मोठ्या फाइली भराभर जातात, लाखो बारीक फोटोंना मात्र वेळ लागतो. तरीही शनिवारी संध्याकाळी सुरू केलेले काम रविवारी दुपारपर्यंत आटोपले. त्यानंतर प्रत्येक डिस्कवर तिच्या खाचेचा क्रमांक लिहिला, डिस्का काढून स्वतंत्र गुंडाळल्या आणि सर्व साहित्य गाडीने कुंभार्ली घाटातून चिपळूणला नेले. नॅस तेथे सुरू होईपर्यंत तीन दिवस गेले. या कार्यालयात रोज सरासरी ६ जीबी नवे किंवा बदललेले असते, म्हणजे साचले ते १८ जीबी, आणि ते पहिल्याच रात्री पाच तासांत पोहोचले.

लाइन पुरेल की नाही, हे एकूण डेटा किती आहे यावर ठरत नाही, रोज बदल किती होतो यावर ठरते. दहा तासांत ३६ जीबी जाण्याजोगी लाइन रोजच्या ६ जीबीला ऐसपैस पुरते. हीच लाइन रोज ४० जीबी व्हिडिओ साठवणाऱ्या कार्यालयाला कधीच पुरणार नाही, आणि तेथे आम्ही हे काम स्वीकारण्याऐवजी आधी लाइन बदलण्यास सांगतो.

पहिली प्रत हाताने नेताना एक चूक सहज होते आणि ती महागात पडते. प्रत ज्या मार्गावर ठेवली, नेमक्या त्याच मार्गावर रात्रीचे काम पाहत असले पाहिजे. आम्ही हे काम बहुधा rsync या प्रोग्रामने करतो. त्याच्या आज्ञेत मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरमधला मजकूर जातो आणि न दिली तर फोल्डरच जातो. एवढ्याशा रेघेमुळे पलीकडे kaam या फोल्डरच्या आत दुसरा kaam तयार होतो आणि हाताने नेलेला सगळा डेटा शेजारी तसाच पडून असताना प्रोग्राम १६०० जीबी पुन्हा पाठवू लागतो. त्यामुळे पहिल्या रात्रीपूर्वी आम्ही आज्ञेला -n जोडून कोरडी चाचणी घेतो. तिच्यात प्रत्यक्ष काहीच पाठवले जात नाही, काय पाठवले गेले असते एवढेच दिसते. तेथे १८ जीबीच्या आसपासचा आकडा दिसायला हवा. तो शेकड्यांत दिसला, तर मार्ग चुकला आहे किंवा प्रत करताना फाइलींच्या बदलाच्या वेळा जपल्या गेलेल्या नाहीत, असे समजावे.

सांगलीच्या नॅसवर रोज रात्री चालणारी आज्ञा साधारण अशी आहे:

```
rsync -a --partial-dir=.rsync-partial --bwlimit=950 \
  --delete-delay --max-delete=500 --stats \
  /volume1/kaam/ prat@10.8.0.2:/volume1/kaam/
```

हा प्रोग्राम प्रथम प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ दोन्हीकडे सारखी आहे का ते पाहतो. दोन्ही सारखे असतील तर फाइल उघडतही नाही. फरक असेल तर पलीकडचा नॅस आपल्याजवळच्या जुन्या फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाची छोटी खूण पाठवतो, अलीकडचा नॅस त्या खुणा नव्या फाइलशी ताडून पाहतो आणि जे तुकडे जुळत नाहीत तेवढेच पाठवतो. --partial-dir मुळे मध्येच लाइन तुटली तरी अर्धवट आलेली फाइल जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी कामी येते. --bwlimit मुळे लाइन शंभर टक्के भरत नाही, कारण काठोकाठ भरलेल्या लाइनवर रात्री उशिरा काम करणाऱ्यांना साधा ई-मेलही उघडता येत नाही.

ही बचत मिळण्यासाठी प्रोग्राम दोन्ही नॅसवर चालत असणे आवश्यक आहे. या ग्राहकाकडे पूर्वी केलेल्या व्यवस्थेत चिपळूणचे फोल्डर व्हीपीएनमधून सांगलीच्या नॅसवर जोडून घेतले होते आणि rsync त्या फोल्डरमध्ये प्रत करत होता. दिसायला सारे ठीक होते, परंतु अशा वेळी प्रोग्राम दोन्ही बाजू स्थानिक समजतो, तुकडे जुळवण्याची पद्धत बंद ठेवतो आणि बदललेली फाइल संपूर्ण पाठवतो. हिशेबाच्या डेटाबेसची १४ जीबीची बॅकअप फाइल रोज संध्याकाळी त्याच नावाने नव्याने लिहिली जात होती आणि ती एकटीच रोज सुमारे चार तास लाइन अडवत होती. दोन्ही नॅसवर प्रोग्राम सुरू केल्यानंतर त्याच फाइलसाठी ३०० एमबीच्या आसपास डेटा जाऊ लागला आणि दोन्हीकडचे वाचन धरूनही काम पंधरा मिनिटांच्या आत होऊ लागले.

काही महिन्यांनी त्यांच्या लेखापालांनी जागा वाचावी या चांगल्या हेतूने त्या बॅकअपला कॉम्प्रेशन लावले. फाइल १४ वरून ५ जीबीवर आली, परंतु रात्रीचा वेळ मात्र वाढून जवळजवळ दीड तास झाला. कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये सुरुवातीला लहानसा बदल झाला तरी पुढचे सगळे बाइट बदलतात, त्यामुळे जुन्या प्रतीशी जुळणारा तुकडाच सापडत नाही आणि पाचही जीबी पाठवावे लागतात. आमची विनंती अशी आहे की रोज बदलणारी मोठी फाइल झिप करू नये, तिला रोज नवे नावही देऊ नये. पलीकडे कॉम्प्रेशन हवेच असेल तर ते पलीकडच्या नॅसच्या फाइल प्रणालीवर सुरू करता येते.

फोल्डरचे नाव बदलणे ही अशीच निरुपद्रवी दिसणारी गोष्ट आहे. rsync ला नाव बदलल्याचे कळत नाही. त्याच्या दृष्टीने जुने फोल्डर नाहीसे झाले आणि नवे फोल्डर अवतरले. याच कार्यालयात साइट फोटोंच्या १४० जीबीच्या फोल्डरचे नाव एका दुपारी बदलले गेले आणि त्या रात्रीपासून पुढच्या चार रात्री लाइन तेच फोटो पुन्हा वाहत राहिली. तेवढ्या काळात रोजचे नकाशे मागे पडले. आता त्यांच्याकडे असा नियम आहे की मोठे फोल्डर हलवायचे किंवा त्याचे नाव बदलायचे असल्यास संध्याकाळपूर्वी आम्हाला फोन करावा. आम्ही तोच बदल चिपळूणच्या नॅसवरही करतो आणि रात्री काहीच जादा जात नाही. दोन्ही नॅस झेडएफएस किंवा बीटीआरएफएस फाइल प्रणालीचे असतील आणि प्रतिकृती स्नॅपशॉटच्या, म्हणजे त्या त्या क्षणी गोठवून ठेवलेल्या डेटाच्या स्थितीच्या, फरकावर चालत असेल, तर हा प्रश्नच उरत नाही, कारण तेथे नाव बदलल्याची नोंद तेवढी जाते. नवीन नॅस घेणाऱ्यांना आम्ही हीच पद्धत सुचवतो. दोन्ही नॅस एकाच जातीचे असावे लागतात, ही तिची मर्यादा आहे.

सकाळी कार्यालयात आल्यावर हिरवी खूण पाहून समाधान मानू नये. रात्रीच्या कामाच्या नोंदवहीच्या शेवटी आकडे येतात, त्यांतील तीन रोज वाचावेत. Literal data म्हणजे लाइनवरून प्रत्यक्ष गेलेला डेटा आणि Matched data म्हणजे पलीकडच्या जुन्या प्रतीतून वापरलेला डेटा. रोज बदलणारी मोठी फाइल असूनही Matched data शून्य येत असेल, तर तुकडे जुळवण्याची पद्धत बंद आहे. Number of deleted files हा तिसरा आकडा आहे. रोज ५-६ जीबी जाणाऱ्या ठिकाणी एका सकाळी अचानक ३४ जीबी गेलेले दिसले आणि कोणीही फोल्डर हलवले नसेल, तर ते अतिशय गांभीर्याने घ्यावे. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्यास त्या सगळ्या बदललेल्या दिसतात आणि रात्रीचे काम त्या निमूटपणे पलीकडे पाठवते. अशा वेळी प्रथम रात्रीचे काम थांबवावे, मग आम्हाला कळवावे. संथ लाइनमुळे एका रात्रीत सगळा डेटा जाऊ शकत नाही, एवढी सवड येथे मिळते.

यावरून लक्षात येईल की पलीकडची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल त्याच रात्री चिपळूणलाही पुसली जाते. वरच्या आज्ञेतील --max-delete एका वेळी ५०० पेक्षा जास्त वस्तू पुसू देत नाही आणि तसे घडल्यास काम त्रुटी दाखवून संपते, परंतु एखादी महत्त्वाची फाइल त्याने बचावत नाही. म्हणून चिपळूणच्या नॅसवर रोज सकाळी ८ वाजता स्नॅपशॉट घेतला जातो आणि ३० दिवस ठेवला जातो. स्नॅपशॉटमुळे लाइनवर काहीच भार पडत नाही, फक्त बदललेल्या भागापुरती डिस्क लागते. हे स्नॅपशॉट पुसण्याचा अधिकार सांगलीहून येणाऱ्या prat या खात्याला दिलेला नाही.

चिपळूणच्या मंडळींना ही प्रत फक्त वाचता येते. तेथे कोणी तिच्यात दुरुस्ती केली असती, तर रात्री सांगलीच्या फाइलने ती पुसली असती. त्यांची स्वतःची कामे chiplun या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर उलट दिशेने, चिपळूणहून सांगलीला जाते. त्यासाठी चिपळूणच्या लाइनचा अपलोडचा वेग स्वतंत्रपणे मोजावा लागला. तो ४ एमबीपीएस, म्हणजे तासाला १.८ जीबी भरला, आणि शाखेत रोज एक जीबीही बदल होत नसल्याने तो पुरेसा आहे.