दाबल्यावर रंग गडद की फिका? समतोलाची दिशा पडताळण्यामागची पार्श्वभूमी

तपकिरी NO₂ वायूने भरलेली सिरिंज दाबली की समतोल रंगहीन N₂O₄ कडे सरकतो आणि रंग फिका होतो, असं अकरावी-बारावीच्या वहीत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सिरिंज बाजूने बघितली तर दाबल्यानंतरचा शेवटचा रंग आधीपेक्षा गडदच दिसतो. नियम बरोबर आहे आणि डोळाही खोटं बोलत नाही. फरक आहे तो कशाची तुलना कशाशी केली यात. ही अडचण नवी नाही. समतोलाची दिशा पडताळण्याच्या इतिहासात ती सुरुवातीपासून आहे.

1798 मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तोले इजिप्तला गेला. तिथल्या नॅट्रॉन सरोवरांच्या काठी त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्यापासून चुनखडी आणि मीठ होतं. इथे उलट घडलं होतं. मीठ अमाप असल्यामुळे अभिक्रिया मागे फिरली, असा अर्थ त्याने लावला. कोणता पदार्थ कोणाला बाजूला सारतो हे ठरलेलं असतं, अशी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्गमनच्या काळातली समजूत होती. बर्तोलेच्या म्हणण्याप्रमाणे प्रमाणालाही तितकंच महत्त्व होतं. पण सरोवराचा काठ म्हणजे पडताळणी नव्हे. एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या आणि परिणाम मोजायचा, हे तिथे शक्यच नव्हतं.

ते काम इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ ग्लॅडस्टनने 1855 मध्ये केलं, आणि त्यासाठी आजही प्रात्यक्षिकाला असणारी जोडी वापरली: फेरिक क्षार आणि थायोसायनेट. त्याने एका घटकाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवलं आणि लाल रंग किती वाढतो ते पाहिलं. रंग कुठेही एकदम थांबला नाही की उडी मारून पुढे गेला नाही, तो हळूहळू गडद होत गेला. सगळं लोह आधीच लाल संयुगात बांधलेलं असतं तर थायोसायनेट आणखी घालून रंग वाढायचं कारण नव्हतं. म्हणजे मोकळं लोह द्रावणात शिल्लक होतं, आणि नव्या थायोसायनेटने त्यातलं काही ओढून घेतलं. गुल्डबर्ग आणि वागे यांचा वस्तुमान क्रियेचा नियम यानंतर नऊ वर्षांनी, 1864 मध्ये आला.

दाबाची बाजू यापेक्षा अवघड होती, कारण तिथे हवी होती वायूंमधली उलटसुलट चालणारी अभिक्रिया. ती सापडली नायट्रोजनच्या तपकिरी ऑक्साइडमध्ये. तपकिरी NO₂ चे दोन रेणू जोडले की रंगहीन N₂O₄ चा एक रेणू होतो. या वाफेची घनता तापमानाप्रमाणे बदलते हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोजलं जात होतं, आणि 1879 मध्ये गिब्जने उष्मागतिकीवरून त्या घनतांसाठी सूत्र मांडलं. बाहेरून बदल केला की समतोल तो बदल कमी करणाऱ्या दिशेने सरकतो, हे आपलं तत्त्व ल शातेलिएने 1884 मध्ये मांडलं आणि 1888 मध्ये ते जास्त सुटसुटीत केलं. याच मधल्या काळात, 1885-86 मध्ये, पोलंडच्या नातान्सन बंधूंनी वेगवेगळ्या दाबांखाली या वाफेची घनता मोजून विघटन किती होतं ते काढलं. त्यांनी रंगाचा आधार घेतला नाही. घनतेवरून सरासरी रेणूभार निघतो. तो 46 च्या जवळ असेल तर सगळं NO₂, 92 च्या जवळ असेल तर सगळं N₂O₄. दाब वाढवल्यावर हा आकडा 92 कडे गेला की दिशा सिद्ध झाली. यात वाद घालायला जागा उरत नाही, म्हणून रंगाच्या प्रयोगापेक्षा ही रीत भक्कम आहे असं माझं मत आहे.

तरी शाळा-कॉलेजात रंगच बघितला जातो, म्हणून आकडे घालून बघू. 25 अंश सेल्सिअसला N₂O₄ च्या विघटनाचा समतोल स्थिरांक सुमारे 0.15 आहे (दाब ॲटमॉस्फिअरमध्ये). एकूण दाब 1 असेल तर त्यात NO₂ चा वाटा 0.32 आणि N₂O₄ चा 0.68 येतो. आता घनफळ निम्मं करा, 40 मिलिलिटरचं 20. अभिक्रिया झालीच नसती तर NO₂ चा दाब दुप्पट, म्हणजे 0.64 झाला असता. समतोल सरकल्यामुळे तो 0.47 वर थांबतो. N₂O₄ 1.45 वर जातो आणि एकूण दाब 2 ऐवजी 1.91 भरतो. सरासरी रेणूभार 77 वरून 81 च्या आसपास जातो.

सगळा घोळ 0.32, 0.64 आणि 0.47 या तीन आकड्यांत आहे. बाजूने बघताना नजरेच्या वाटेत नळीची तीच जाडी असते, म्हणून रंग संहतीप्रमाणे दिसतो. 0.47 हे 0.32 पेक्षा जास्त, म्हणून गडद. समतोल सरकला म्हणून 0.64 इतका गडद झाला नाही, पण 0.64 प्रत्यक्षात कुठे दिसत नाही. तो फक्त कागदावरचा आकडा आहे.

यावर साधा उपाय आहे: सिरिंज लांबीच्या दिशेने बघायची. दाबल्यावर संहती दुप्पट होते, पण वायूची लांबी निम्मी होते. अभिक्रिया झाली नसती तर नजरेच्या वाटेतले NO₂ चे रेणू तेवढेच राहिले असते आणि रंग जराही बदलला नसता. म्हणून या दिशेने दिसणारा कोणताही बदल फक्त समतोलाचा असतो. वरच्या आकड्यांत नजरेच्या वाटेतला NO₂ 0.32 वरून 0.47 च्या निम्म्यावर, म्हणजे 0.23 वर येतो, म्हणजे रंगद्रव्य चौथ्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त कमी होतं. डोळ्याला हे कळतं, पण शेजारी त्याच वायूने भरलेली आणि न दाबलेली दुसरी सिरिंज हवी. आठवणीतल्या रंगाशी तुलना करू नये.

मांडणी अशी: काचेच्या दोन सिरिंज पूर्ण कोरड्या करून धूर-कपाटात प्रत्येकी 40 मिलिलिटर वायू भरायचा आणि तोंडं टोपणाने घट्ट बंद करायची. नळीभोवती काळा कागद गुंडाळायचा, म्हणजे बाजूचा उजेड आत येत नाही. दट्ट्याच्या बाजूला पांढरा दिवा ठेवायचा आणि टोपणाच्या बाजूने बघायचं. प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये दट्ट्याचं काळं रबर आड येतं, शिवाय हा वायू रबर खातो आणि गळती सुरू होते. आत ओल असेल तर वायू पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल होतो आणि रंग भलत्याच कारणाने उतरतो. हे ओळखायचं कसं? दाब सोडल्यावर दट्ट्या 40 च्या खुणेवर आला पाहिजे आणि रंग पहिल्यासारखा झाला पाहिजे. दट्ट्या 36-37 वर अडला तर वायू निसटलाय किंवा खर्च झालाय, आणि ते निरीक्षण रद्द धरावं. वायू विषारी आहे, फुप्फुसावरचा परिणाम काही तासांनी दिसतो. म्हणून हे काम उघड्या वर्गात करू नये.

आता एक गोष्ट, जी अनेकदा चुकीची सांगितली जाते. सिरिंज झटकन दाबली की रंग क्षणभर खूप गडद होतो आणि एक-दोन सेकंदांत थोडा उतरतो. हा उतार म्हणजेच समतोल सरकताना दिसतोय, असं सांगितलं जातं. पण ही अभिक्रिया इतकी मंद नाही. 1920 मध्ये आइनस्टाइनने अंशतः विघटित वायूतून जाणाऱ्या ध्वनीचा अभ्यास मांडला, तो अशा अभिक्रियांचा वेग ध्वनीवरून काढता यावा म्हणून. 1953 मध्ये कॅरिंग्टन आणि डेव्हिडसन यांनी आघात-तरंग वापरून N₂O₄ च्या विघटनाचा वेग मोजला. नेहमीच्या दाबाला हा समतोल मायक्रोसेकंदांच्या हिशेबात जुळतो. हाताने दट्ट्या दाबायला लागणारा वेळ त्याच्या कित्येक हजार पट आहे. दट्ट्या सरकत असतानाच समतोल त्याच्याबरोबर सरकत असतो.

मग एक-दोन सेकंद उतरतं ते काय? ती उष्णता आहे. झटकन दाबलेला वायू तापतो, आणि N₂O₄ चं विघटन उष्णता शोषणारं असल्यामुळे तापल्यावर NO₂ वाढतो. तापमान 10 अंशांनी वाढलं तरी स्थिरांक दुपटीच्या वर जातो. वायू काचेला उष्णता देऊन थंड झाला की रंग खाली येतो. खात्री करायची असेल तर दट्ट्या एका मिनिटात सावकाश दाबावा. बाजूने बघताना रंग फक्त वाढत जातो, मध्ये गडद झळक येत नाही. लांबीच्या दिशेने तो फक्त फिका होत जातो. याच कारणाने सिरिंज तळहातात धरू नये. हाताच्या उबेने दाबाचा सगळा परिणाम झाकला जाऊ शकतो. दोन्ही सिरिंज एकाच पाण्याच्या भांड्यात अर्धा मिनिट ठेवून मग बघाव्यात.

लांबीच्या दिशेने बघण्याची युक्ती ग्लॅडस्टनच्या लाल द्रावणालाही लागू पडते. 0.002 मोलर फेरिक नायट्रेट आणि तेवढंच पोटॅशियम थायोसायनेट सारख्या प्रमाणात मिसळा. स्थिरांक 140 च्या आसपास धरला तर जेमतेम 11 टक्के लोह लाल रूपात असतं. सपाट बुडाच्या नळीत 10 मिलिलिटर घेऊन ते 20 पर्यंत वाढवा आणि वरून खाली बघा. द्रवाची उंची दुप्पट, संहती निम्मी. समतोल हलला नसता तर रंग तसाच राहिला असता. हिशेबाने तो 56 टक्क्यांवर येतो, कारण विरळ केल्यावर समतोल जास्त कणांच्या बाजूला, म्हणजे मोकळ्या आयनांकडे जातो. वायूचं घनफळ वाढवल्यावर होतं तेच इथे होतं. मात्र वाढवायला साधं पाणी घेतलं तर आम्लता घटते, लोह पाण्याशी अभिक्रिया करू लागतं आणि पिवळटपणा येतो. म्हणून मूळ द्रावणात असेल तेवढ्याच संहतीचं विरल नायट्रिक आम्ल घ्यावं. थायोसायनेट घालून दिशा बघतानाही शेजारच्या नळीत तितकेच थेंब आम्ल घालायला हवेत, नाहीतर विरळ होण्याचा परिणाम आणि घातलेल्या आयनाचा परिणाम एकमेकांत मिसळतात.

उरतो तो ‘दाब’ या शब्दाचा प्रश्न. ल शातेलिएची मांडणी संदिग्ध आहे, अशी टीका भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्टने 1911 मध्ये केली होती, आणि ती सिरिंजमध्येच तपासता येते. 1 ॲटमॉस्फिअरच्या तपकिरी वायूत तेवढ्याच घनफळाची कोरडी हवा शिरू द्या आणि दट्ट्या मोकळा सोडा. एकूण दाब 1 च राहतो, घनफळ दुपटीपेक्षा किंचित जास्त होतं. एकूण दाब बदलला तरच समतोल हलतो असं मानलं तर इथे काही व्हायला नको. पण NO₂ चा दाब 0.32 वरून निम्मा, म्हणजे 0.16 होण्याऐवजी 0.21 वर राहतो, आणि लांबीच्या दिशेने रंग आधीपेक्षा सुमारे 37 टक्क्यांनी गडद होतो. उलट घनफळ स्थिर ठेवून तेवढीच हवा कोंबली तर एकूण दाब दुप्पट होतो, पण रंग तसूभरही हलत नाही.