तुमचे शेअर नक्की कुठे असतात?

समजा, तुम्ही सोमवारी इन्फोसिसचे 10 शेअर घेतले. मंगळवारी ते डिमॅट खात्यात आले. पण कंपनीच्या सभासद-नोंदवहीत तुमचं नाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथे नाव असतं डिपॉझिटरीचं, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं.

भारतात अशा डिपॉझिटरी दोनच आहेत: 1996 साली सुरू झालेली एनएसडीएल आणि 1999 पासूनची सीडीएसएल. दोन्ही मुंबईतल्या. डिपॉझिटरी कायद्यानुसार कंपनीच्या दप्तरी नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी, आणि लाभार्थी मालक तुम्ही. लाभांश, बोनस, मतदान हे सगळे हक्क तुमचेच. डिपॉझिटरीला मत देता येत नाही. लाभांशासाठी कंपनी एक तारीख ठरवते. त्या दिवशी कोणाच्या खात्यात किती शेअर होते, ती यादी डिपॉझिटरी देते आणि पैसे थेट बँकेत येतात.

कागदी प्रमाणपत्रावर प्रत्येक शेअरचा स्वतंत्र क्रमांक छापलेला असे. ते विकताना हस्तांतरणाचा अर्ज भरायचा, मुद्रांक चिकटवायचे, मग ते कंपनीकडे जायचं. विकणाऱ्याची सही जुन्या नमुन्याशी जुळली नाही की सगळं परत! डिमॅटमध्ये हे क्रमांकच उरले नाहीत. तुमच्या खात्यासमोर फक्त कंपनीच्या शेअरचा आयसिन हा ओळख-क्रमांक (इन्फोसिसचा INE009A01021) आणि 10 हा आकडा. विकणाऱ्याच्या खात्यातून 10 वजा, सौदा पुरा करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत तुमच्या खात्यात 10 जमा. त्यातले ‘तुमचे’ शेअर नेमके कोणते, या प्रश्नाला अर्थच राहत नाही, जसा बँकेतल्या रुपयांबाबत राहत नाही.

मग ब्रोकर कोण? डिपॉझिटरी ग्राहकाशी थेट व्यवहार करत नाही, मधल्या सहभागी संस्थेमार्फत करते. बहुतेकांचा ब्रोकरच ही संस्था असतो. ॲपवर दिसते ती डिपॉझिटरीतली मूळ नोंद नव्हे, ब्रोकरने दाखवलेलं चित्र. दोन्हींत फरक पडू शकतो, हे 2019 मध्ये कार्वी या ब्रोकर कंपनीच्या प्रकरणात दिसलं. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर कार्वीच्या स्वतःच्या डिमॅट खात्यात नेले गेले आणि तारण ठेवून कर्ज उचललं गेलं. सेबीच्या देखरेखीखाली एनएसडीएलने 80 हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर परत त्यांच्या खात्यांत वळवले. मूळ वही ब्रोकरच्या हाती नव्हती, म्हणून हे जमलं. पण वही शाबूत असली तरी खातेदाराने आधीच दिलेला अधिकार ती अडवू शकत नाही, हेही तितकंच खरं.

त्यामुळे पडताळणी ॲपवर करून उपयोग नाही. ज्या महिन्यात खात्यात व्यवहार झाला, त्याचं एकत्रित खातेपत्रक डिपॉझिटरी पुढच्या महिन्यात ईमेलने पाठवते. त्यातला 16 अक्षरांचा खाते क्रमांक बघा: सुरुवात IN ने असेल तर एनएसडीएल, सगळे अंकच असतील तर सीडीएसएल. त्यासमोरचा आकडा ॲपशी ताडून पाहा. न विकलेले शेअर पत्रकात कमी दिसले किंवा त्यांच्यापुढे न मागितलेलं तारण दिसलं, तर ब्रोकरला आणि डिपॉझिटरीला त्याच दिवशी लेखी कळवा.