यादीतले वय आणि दाखल्यावरचे वय जुळत नसेल तर

प्रवेशाच्या, ओळखपत्रांच्या आणि खेळाडूंच्या वयोगटाच्या याद्या आमच्याकडे देणाऱ्या शाळा, क्लास आणि क्रीडा मंडळांसाठी ही माहिती आहे. "आम्ही काढलेले वय आणि तुम्ही काढलेले वय वेगळे का?" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा सूत्र बरोबरच असते, चूक जन्मतारखेत असते.

कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन असेल, तर एक्सेल महिना आधी आणि दिवस नंतर वाचते. तुम्ही 15/08/2014 टाइप केले, तर पंधरावा महिना नसल्यामुळे एक्सेल तो नुसता मजकूर मानते आणि सेलमध्ये डावीकडे ठेवते. वयाच्या रकान्यात मग `#VALUE!` दिसते, म्हणजे चूक निदान कळते. पण 05/08/2014 मात्र निमूटपणे 8 मे होऊन बसते. पडद्यावर ते 5/8/2014 असेच दिसत असल्याने शंकाही येत नाही.

1 जुलै 2025 या दिवशीचे वय काढायचे आहे असे धरा. 5 ऑगस्ट 2014 ला जन्मलेल्या मुलाचे वय त्या दिवशी 10 वर्षे 10 महिने 26 दिवस असते. तारीख उलटली की तेच 11 वर्षे 1 महिना 23 दिवस होते. अकरा वर्षांखालच्या गटात बसणारा मुलगा बाहेर जातो आणि यादीत कुठेही लाल खूण उमटत नाही.

हे ओळखण्यासाठी जन्मतारखेच्या रकान्याला महिन्याचे नाव दाखवणारा फॉरमॅट द्या, म्हणजे 08-May-2014 असे दिसेल. काही तारखा अजिबात बदलल्या नाहीत आणि बदललेल्यांपैकी एकाही तारखेचा दिवस 12 च्या वर नाही, तर समजा की दिवस-महिना उलटले आहेत.

म्हणूनच आम्ही दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने मागतो. काहींना हे जास्तीचे काम वाटते. पण अर्धी यादी एकाने आणि अर्धी दुसऱ्याने वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर भरलेली असली, तर कोणती तारीख उलटली आहे हे फाइल बघून सांगता येत नाही, पुन्हा एकेक जन्मदाखला काढावा लागतो. अंदाजाने दुरुस्ती आम्ही करत नाही. अशी फाइल परत पाठवतो. दिवस B मध्ये, महिना C मध्ये आणि वर्ष D मध्ये चार आकडी लिहिले की E मध्ये हे सूत्र खरी तारीख तयार करते:

```
=DATE(D2,C2,B2)
```

वय कोणत्या दिवशीचे हवे ती तारीख G1 मध्ये ठेवा. तिथे `TODAY()` वापरू नका, नाहीतर आज छापलेली यादी आणि पुढच्या आठवड्यात उघडलेली फाइल जुळणार नाही. परिपत्रकात दिलेली तारीखच हवी.

पूर्ण वर्षांसाठी `DATEDIF` मध्ये `"Y"` आणि उरलेल्या महिन्यांसाठी `"YM"` द्यावे. हे फंक्शन लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी एक्सेलमध्ये ठेवलेले आहे. टाइप करताना ते सुचवण्यांत दिसले नाही तरी चालते. उरलेल्या दिवसांसाठी लोक `"MD"` वापरतात, ते मात्र टाळा. ते चुकू शकते असे मायक्रोसॉफ्टच सांगते. जन्म 31 जानेवारी 2015 आणि G1 मध्ये 1 मार्च 2025 असेल, तर `"MD"` चे उत्तर उणे 2 येते. त्याऐवजी एकूण पूर्ण महिने, इथे 121, जन्मतारखेत मिळवावेत. `EDATE` 28 फेब्रुवारी 2025 वर पोचते, तिथून 1 मार्चपर्यंत 1 दिवस. म्हणजे वय 10 वर्षे 1 महिना 1 दिवस. पूर्ण सूत्र असे:

```
=DATEDIF(E2,$G$1,"Y")&" वर्षे "
&DATEDIF(E2,$G$1,"YM")&" महिने "
&($G$1-EDATE(E2,DATEDIF(E2,$G$1,"M")))&" दिवस"
```

गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्येही ही फंक्शने आहेत. `#NUM!` आले, तर जन्मतारीख G1 च्या पुढची पडली आहे. अशा वेळी आधी वर्षाचा रकाना तपासा.

ही सूत्रे भरलेला कोरा तक्ता आमच्याकडून विनामूल्य मिळतो. त्यात भरून आलेल्या यादीचे काम आम्ही आधी हातात घेतो आणि तारखा तपासण्याचे वेगळे पैसे लावत नाही. एकाच रकान्यात तारखा असलेली जुनी यादीही स्वीकारतो, पण ती कोणी, कोणत्या पद्धतीने टाइप केली हे सोबत कळवा आणि दुरुस्तीचे शुल्क आधी विचारून घ्या.